निगेटिव्ह स्लाइडवरचे लाल जंतू

मी वाशिमच्या ज्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे, तिथे लॅब-कोर्सच्या मुलांची प्रात्यक्षिक परीक्षा होती. थुंकीच्या स्लाइडवर टीबीचा रंग चढवायचा होता. लाल रंग ओतून वाफ येईस्तोवर तापवायचं, आम्लाने धुवायचं, मग निळा रंग द्यायचा. टीबीचे जंतू लालच राहतात, बाकी सगळं निळं. काम बरोबर झालं का हे कळायला पेशंटच्या स्लाइडसोबत दोन माहितीतल्या स्लाइड लावतात. एकीवर जंतू असतात ती पॉझिटिव्ह, दुसरीवर नसतात ती निगेटिव्ह.

शिरपूरहून येणाऱ्या एका मुलीने पेशंटचा रिपोर्ट लिहिलाच नाही.

"सर, निगेटिव्ह स्लाइडवरबी लाल जंतू दिसून राह्यले. मंग पेशंटचा रिपोर्ट कसा देऊ?"

बाहेरून आलेले परीक्षक वैतागले. "पॉझिटिव्ह लिही अन् मोकळी हो!" तिने लिहिलं नाही. त्यांनी मार्क कापले.

मी मायक्रोस्कोपमध्ये पाहिलं. पोरगी खरं सांगत होती. त्या निगेटिव्ह स्लाइडची काच ओरखड्यांनी भरली होती. कोणाच्या तरी थुंकीची जुनी स्लाइड धुऊन पुन्हा वापरली होती, जंतू ओरखड्यांत तसेच अडकलेले. मला शिसारी आली. त्या परीक्षकाचीही आली.

या दोन स्लाइड रोज तपासून नोंदवल्याशिवाय रिपोर्ट द्यायचा नसतो, हे त्याला दाखवायला म्हणून मी क्वालिटी कंट्रोलचं रजिस्टर तावातावाने उघडलं. आजच्या तारखेपुढे 'दोन्ही स्लाइड बरोबर' असं आधीच लिहिलेलं होतं. उद्याच्याही पुढे. अक्षर माझंच. सोमवारी चहा पिता पिता मी अख्खा आठवडा भरून टाकतो.

मी रजिस्टर मिटलं आणि परीक्षकांना म्हणालो, "तुमचं बरोबर आहे, सर."