एका टिंबाची विद्वत्ता

पाली भाषेची पदविका मिळाली की माणूस बिघडतो. मी ती निवृत्तीनंतर मिळवली, म्हणून जरा जास्तच बिघडलो. पेणला रामवाडीत माझं कुणी ऐकत नव्हतं, तेव्हा दर रविवारी एसटी पकडून रोह्याच्या विहारात गाथांचा वर्ग घ्यायचो आणि साठलेली विद्वत्ता तिथे रिकामी करून यायचो.

वर्गात एक आजी होत्या. त्यांचे मालक त्याच विहारात रोज गाथा म्हणायचे. ते गेल्यावर त्यांची आवडती ओळ संगमरवरी पाटीवर कोरून भिंतीत बसवायची, आणि पुण्यतिथीला सगळ्यांनी ती पाटी बघून म्हणायची, असं आजींनी ठरवलं. मजकूर तपासायला माझ्याकडे आला. दुसरं कोण होतं म्हणा!

ओळ होती, ‘एतं बुद्धान सासनं’. ही बुद्धांची शिकवण. मी चष्मा पुसला. चूक सापडली होती! ‘बुद्धांची’ याला पालीत ‘बुद्धानं’. वरचा अनुस्वार गेला कुठे? गाथेत शब्द आखडलेले असतात, अर्थ लावताना पूर्ण रूप परत आणायचं, हे मी छाती काढून शिकवायचो. तेच पाटीवर शिकवलं.

पाटी कोरणारा म्हणाला, “सर, आजींच्या वहीत टिंब नाय.”

“वही चुकते,” मी म्हणालो, “व्याकरण चुकत नाही.”

पुण्यतिथीला सगळे पाटी बघून म्हणू लागले आणि ‘बुद्धानं’च्या ‘नं’वर अख्खा विहार ठेचकाळला. मागून एक बाई कुजबुजली, “बुद्धानं? बुद्धानं काय केलान गो?” हसू फुटलं. आपल्या बोलीत ‘बुद्धानं’ म्हणजे बुद्धाने. हे मराठीचा मास्तर असून मला सुचलं नव्हतं.

आजी हसल्या नाहीत. “मास्तर, ह्यांचा आवाज हितं पटकन उतरायचा. तुम्ही मधी धोंडा ठेवलाव.” आणि मांडीवर बोटं आपटत त्यांनी ओळीची आठ अक्षरं मोजून दाखवली. ‘न’ पाचवा. पाचवं अक्षर लघु हवं; टिंब आलं की ते गुरू होतं. हा नियम मी परीक्षेत लिहून गुणही घेतले होते. कवीने जाणूनबुजून काढलेलं टिंब मी, पदविकाधारक, दगडात परत ठोकलं होतं.

कारागिराने ते लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवलं. पावसाळ्यात लांबी पिवळी पडली, आणि आता ते टिंब आधीपेक्षा ठळक दिसतं.

हल्ली पूर्ण रूप मी वहीत, ओळीखाली, पेन्सिलीने लिहायला सांगतो. अर्थ कळला की वही मिटायची आणि ओळ आहे तशी म्हणायची. पुण्यतिथीला आजी पाटीकडे बघतच नाहीत. पाचव्या अक्षराला त्या माझ्याकडे बघतात, आणि मी तोंड मिटून घेतो.