म्हैस गाभण असेल तर

जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त झाल्यावर मी कोल्हापुरातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत जायला लागलो. काम एवढंच, की गाई-म्हशींचे आजार, औषधं, चारा यांवर सोप्या मराठीत पानं लिहून द्यायची. शेतकऱ्यानं फोनवर प्रश्न विचारला की त्या पानांतला जुळणारा मजकूर शोधून मशीन उत्तर तयार करून देई. हे बनवणारी मुलगी नृसिंहवाडीची. तोंडानं फटकळ, आवाज असा की शेजारच्या गाळ्यातला माणूस डोकावून जाई. कामात मात्र तिच्याइतकी चोख व्यक्ती मी उभ्या नोकरीत पाहिली नाही.

भांडण पेटलं ते जाहिरातीच्या पत्रकावरून. मालकांनी छापून आणलं होतं, ‘तुमच्या जनावराची प्रत्येक गोष्ट लक्षात ठेवणारा मदतनीस!’ ती म्हणाली, “साहेब, ह्याला डॉक्टरांची पानं सापडतात. माणूस ध्यानात ऱ्हात न्हाय. ह्या दोन येगळ्या गोष्टी हायत.” मालक हसले. “शेतकऱ्याला काय फरक पडतो?” मलाही तेव्हा वाटलं, पोरगी उगाच शब्दाला शब्द लावत बसलीय.

मुरगूडजवळच्या एका दूध संस्थेत ती आणि मी ते मशीन दाखवायला गेलो, सोबत मालकांची पत्रकंही वाटली. डेअरीत दूध घालायला आलेल्या एका मावशींनी फोनवर सांगितलं, “माझी म्हैस दोन महिन्यांची गाभण हाय.” मग खाण्याचं विचारलं, मीठ-क्षाराचं विचारलं. मशीन दर वेळी ‘तुमच्या गाभण म्हशीला’ असं म्हणून उत्तर देत होतं. बायका कौतुकानं बघत राहिल्या. एकाच बोलण्यातलं मागचं वाक्य त्याच्या समोर असतं, म्हणून ते जमत होतं; नवं बोलणं उघडलं की पाटी कोरी. पण हे कुणाला ठाऊक?

पुढच्या आठवड्यात आम्ही परत गेलो, तर मावशी रांगेत उभ्या. एका हातात दुधाची किटली, दुसऱ्या हातात दुकानातून आणलेली जंताच्या औषधाची बाटली. बाटलीवरचं नाव मी वाचलं. ते औषध गाभणपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत द्यायचं नसतं. पोटातल्या वासराला धोका असतो. पानात मी तसं लिहिलंही होतं.

“मावशी, हे कुणी सांगितलं?” आमच्या मुलीनं विचारलं.

“तुमच्या फोननंच की. सकाळी इचारलं. आता जाऊन पाजायचं.”

तिनं फोन घेऊन उत्तर वाचलं. औषधाचं नाव होतं, मात्रा होती आणि खाली स्पष्ट लिहिलं होतं, ‘म्हैस गाभण असेल तर हे देऊ नका, आधी डॉक्टरांना विचारा.’

“हे वाचलं न्हाय?”

“वाचलं की! पण ते दुसऱ्यांसाठी. माझी गाभण हाय हे त्याला सांगिटलंय मी. ध्यानात ठेवतंय म्हणून कागदावर छापलंय तुम्ही. माझ्या म्हशीला नको असतं तर त्यानं मला तसं सांगिटलं नसतं व्हय?”

मावशींचं गणित अगदी बरोबर होतं. छापलेलं तेवढं खोटं होतं.

त्या मुलीनं नुसती माफी मागितली नाही. मावशींच्या आणि संस्थेच्या सचिवांच्या फोनवर नवं बोलणं उघडून एकच प्रश्न विचारला, “माझ्या म्हशीला जंताचं औषध कोणतं?” सचिवांच्या घरी तर म्हैसच नव्हती. दोन्हीकडे तेच उत्तर आलं. “बघा मावशी. तुम्हाला वळखत असतं तर तुम्हाला येगळं सांगिटलं असतं. ह्याच्याकडं डॉक्टरांची पानं हायत, तुमची म्हैस न्हाय.” मग तिनं मावशींना म्हैस गाभण असल्याचं प्रश्नातच सांगायला लावलं. लगेच, त्याच पानावरून, उत्तर आलं, ‘हे औषध आत्ता देऊ नका.’ मावशींनी बाटली माझ्या हातात दिली. मी इतकी वर्षं भाषणं ठोकली, पण कुणाला काही इतकं स्वच्छ समजावल्याचं मला आठवत नाही.

कोल्हापुरात परतल्यावर तिनं पत्रकांचा गठ्ठा मालकांच्या टेबलावर आपटला. म्हणाली, प्रत्येकाची माहिती त्याला विचारून, त्याच्या नावावर वेगळी साठवायची आणि त्याला हवी तेव्हा पुसता येईल अशी सोय करायची, तर ते निराळं काम आहे. ते होईपर्यंत मशीननं आधी विचारायचं, ‘म्हैस गाभण आहे का?’ आणि पत्रकावर मोठ्या अक्षरांत छापायचं, ‘मागच्या वेळी सांगितलेलं याच्या लक्षात राहत नाही.’

मालक वैतागले. “अगं, एवढं खरं छापलं तर घेणार कोण?”

“ज्याची म्हैस गाभण हाय, त्यो घील,” ती म्हणाली.

मालकांनी गठ्ठ्यातलं एक पत्रक ओढून त्यावर तिचं वाक्य लिहिलं आणि छापखान्याला फोन लावला.