गोटीरामची वाट

भिमाजी पगारे यांचा माणसांवर विश्वास नव्हता, आणि सरकार आपल्याला त्याचाच पगार देतं अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. नाशिकमधल्या ज्या ऑफिसात निराधार म्हाताऱ्यांच्या पेन्शनचं काम चालतं, तिथे ते अव्वल कारकून होते, सगळ्यांचे भाऊसाहेब. माणूस जात्याच कामचुकार. मागे कुणी उभं असल्याशिवाय तो बोटसुद्धा हलवत नाही, हे त्यांचं मत. म्हणून सगळ्यांची टेबलं त्यांनी अशी लावली होती की प्रत्येकाची पाठ त्यांच्याकडे. बाथरूमची किल्ली पोळपाटाएवढ्या लाकडी फळीला बांधून स्वतःच्या टेबलावर ठेवली होती. ती फळी काखेत मारून कुणी निघालं, की भिमाजी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे आणि जाणारा लाजून अर्धमेला व्हायचा.

याचा परिणाम दिसतही होता. त्यांची चप्पल व्हरांड्यात वाजली की आत कीबोर्ड वाजायचे. चप्पल थांबली की कीबोर्ड थांबायचे.

"बघा," भिमाजी खूश होऊन म्हणायचे, "मी म्हणतो ते खोटं आहे का?"

मग अंजली मॅडम अधिकारी म्हणून आल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी टेबलं फिरवली, फळी सोडवली आणि किल्ली दाराजवळच्या खिळ्याला अडकवली. खिडकीवर बसणाऱ्या मीनाला सांगितलं, "अर्ज अपुरा असला तर काय लागतं ते तूच सांग अन् तूच परत दे. भाऊसाहेबांच्या सहीची वाट बघू नकोस. ते ठरवायला तू समर्थ आहेस."

"मॅडम, डोक्यावर बसतील," भिमाजींनी केबिनमध्ये जाऊन सांगितलं.

"भाऊसाहेब, तुम्ही बघता तेवढंच ते काम करतात. कारण ते काम तुमचं झालंय, त्यांचं राहिलेलंच नाही."

"आपण नव्या आहात. सहा महिन्यांनी बोलू."

पण सहा महिने लागलेच नाहीत. महिन्याभरात खिडकीपुढची रांग आटली. मीना सुरगाण्याकडची, खालच्या आवाजात बोलणारी. आता ती म्हाताऱ्यांना नावानं हाका मारू लागली. भिमाजींना रात्री जेवण जाईना. आपलं अख्खं आयुष्य चुकीचं ठरतंय की काय, अशी धडधड व्हायला लागली. कुठेतरी फट असणारच, ती सापडली पाहिजे!

संधी आली हयातीच्या दाखल्यांच्या शेवटच्या दिवशी. आपण जिवंत आहोत हे वर्षातून एकदा येऊन दाखवायचं, नाहीतर पेन्शन अडकते. त्याच संध्याकाळी मीनाच्या मुलीचं, आरोहीचं, इंदिरानगरच्या शाळेत स्नेहसंमेलन होतं. मीनानं मॅडमना विचारलं, पाचला निघू का. मॅडम म्हणाल्या, "खिडकीचं बघ आणि तूच ठरव."

हे भिमाजींनी ऐकलं. चार वाजता ते समोरच्या बारकूच्या टपरीवर गेले, बारकूचाच फोन मागितला, तोंडावर रुमाल धरला आणि ऑफिसचा नंबर फिरवला.

"बाई, म्या गोटीराम बोलतो. पेठकडचा. पाय मोडल्याला हाय. दाखला द्यायला निघालोय, पण गाडी लेट हाय."

"बाबा, सावकाश या," मीना म्हणाली. "मी थांबते."

बारकूनं ग्लास विसळता विसळता विचारलं, "भाऊसाहेब, नाटकात काम लागलं का काय?"

"ऑफिसचं काम आहे," भिमाजी गुरकावले. मनात मात्र गुदगुल्या होत होत्या. पाच वाजले की बाई पळणार, आणि पाय मोडलेला गोटीराम बंद खिडकीवरून परत गेला, असं उद्या आपण मॅडमना सांगणार!

पाच वाजले. मीना निघाली नाही. सव्वासहाला ऑफिस सुटलं, मॅडम गेल्या, बाकीचे गेले. भिमाजी टपरीच्या आडोशाला, तिसऱ्या चहावर. थोड्या वेळानं मीना पाण्याची बाटली आणि प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन फाटकाशी आली. मोडक्या पायाचा माणूस जिने कसा चढेल, म्हणून खुर्ची. येणाऱ्या प्रत्येक रिक्षात ती वाकून बघत होती. मधेच मोबाइलवर म्हणाली, "आरोही, तू नाच गं, मी येतेच," आणि डोळ्यांना पदर लावला.

भिमाजींनी चहा अर्धाच खाली ठेवला. ती परत आत गेल्यावर त्यांनी बारकूच्या फोनवर झडप घातली.

"बाई, म्या येत न्हाय. तुमी घरी जा."

"असं कसं बाबा? आज शेवटचा दिवस. कुठं अडकलात सांगा, मी रिक्षा घेऊन येते."

"नको, नको! लय लांब हाय."

"तुमचं नाव यादीत सापडत नाहीये. पण काळजी करू नका, आमच्याकडूनच टायपिंगमध्ये चुकलं असणार. तुम्ही आलात की बघू."

भिमाजींच्या कपाळावर घाम आला. फोनवरचा माणूसच खोटा असेल, हे हिच्या मनालाही शिवलं नव्हतं. तिनं यादीलाच खोटं ठरवलं होतं.

"बाई, समजा म्या मेलोच," ते घायकुतीला येऊन म्हणाले.

"असं अभद्र बोलू नका बाबा! मी आहे ना इथं."

फोन ठेवून भिमाजी रस्ता ओलांडून वर गेले. मीना खिडकीपाशी एकटीच बसली होती.

"मीनाताई, घरी जा. गोटीराम येणार नाही."

"तुम्हाला कसं कळलं, भाऊसाहेब?"

भिमाजींनी खिशातून रुमाल काढला. घाम पुसायलाच काढला होता, पण तोंडाशी गेला, आणि त्याच आवाजात शब्द निघाले, "म्याच गोटीराम."

ती हसेल, चिडेल, निदान रडेल, असं त्यांना वाटलं. तिनं उठून कॉम्प्युटर बंद केला. त्यांच्या स्कूटरवर मागे बसून शाळेपर्यंत गेली. नाच केव्हाच संपला होता. गालाला लाली लावलेली आरोही पायरीवर बसून बिस्किट खात होती. "आई, ते पाय मोडलेले आजोबा आले का मग?" तिनं विचारलं. मीना म्हणाली, "नाही गं. ते नव्हतेच."

दुसऱ्या दिवशी भिमाजींनी मॅडमना सगळं सांगितलं. "मला कारणे दाखवा नोटीस द्या," ते जवळजवळ विनवत म्हणाले. नोटिशीला उत्तर लिहिता येतं, उत्तर लिहिलं की प्रकरण मिटतं. एवढं ते नोकरीत शिकले होते.

मॅडम म्हणाल्या, "मीनानं तक्रार केली तर मला द्यावीच लागेल. माझ्याकडून नाही. पुढे काय करायचं ते तुम्हीच ठरवा, भाऊसाहेब."

मीनानं तक्रार केली नाही. झालं ते निराळंच. दुपारी ती भिमाजींच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. "बाथरूमला जाऊ?" किल्ली खिळ्याला लटकत होती. भिमाजींना वर बघवेना.

त्यांना आपला पहिला साहेब आठवला. संध्याकाळी तो सगळ्यांच्या पिशव्या तपासायचा, कुणी पेन्सिली नेतंय का म्हणून. तोवर भिमाजींनी कधी टाचणीही नेली नव्हती. झडत्या सुरू झाल्यावर मात्र एक दिवस ते मोज्यात पेन्सिल घालून घरी गेले होते. आणि घरी पेन्सिल लागतच नव्हती.

चारच्या सुमाराला फोन वाजला. मीनानं उचलला. "कोण बोलतंय?… कुठल्या चिमणाबाई?… आजी, आधी पूर्ण नाव आणि आधार नंबर सांगा. तारीख कालच संपली… गाडी चुकली असं सगळेच सांगतात… कशावरून?"

तो आवाज भिमाजींनी ओळखला. वीस वर्षं तो त्यांचाच होता.

ते उठले, तिच्या टेबलापाशी गेले आणि हात पुढे केला. मीनानं क्षणभर बघून रिसीव्हर दिला.

"आजी, या तुम्ही," भिमाजी म्हणाले. "तारखेचं मॅडमशी मी बोलतो. किती का वाजेनात, मी थांबतो."

त्यांनी फोन ठेवला, प्लॅस्टिकची खुर्ची उचलली आणि फाटकाकडे निघाले. व्हरांड्यात त्यांची चप्पल वाजली, तसे आत कीबोर्ड वाजायला लागले. मीनाचासुद्धा.