विचार केला जाईल

हेडक्लार्कसाहेबांनी तीस वर्षं लोकांचे अर्ज एकेका स्वल्पविरामासाठी परत पाठवले. निवृत्तीनंतर एका लाँड्री कंपनीची फ्रँचायझी घ्यायची ठरली, तेव्हा मात्र चाळीस पानांचा करार न वाचताच ते सही ठोकायला निघाले. "जन्मभर लोकांना नाडलंत, आता स्वतःला नाडू नका," म्हणत बायकोने त्यांना वकीलबाईंसमोर नेऊन बसवलं.

वकीलबाई म्हणाल्या, "रॉयल्टी विक्रीवर आहे, नफ्यावर नाही. तोटा झाला तरी आठ टक्के द्यायचेच. तुमच्या भागात दुसरं दुकान निघणार नाही, पण ॲपवरून तुमच्याच गल्लीतले कपडे कंपनी उचलू शकते. मध्येच सोडलंत, तर उरलेल्या वर्षांची किमान रॉयल्टी भरा आणि पाटीही स्वखर्चाने उतरवा."

"एवढं चालायचंच," साहेब म्हणाले. "कंपनी म्हणते, आपण एक कुटुंब आहोत."

"आणि पाच वर्षांनी नूतनीकरण मागितलंत, तर 'विनंतीचा सहानुभूतीपूर्वक विचार केला जाईल'."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. हेच वाक्य त्यांनी स्वतः हजारो अर्जांवर लिहिलं होतं, आणि त्यातला एकही अर्ज पुन्हा उघडला नव्हता.