वरचे दोन रुपये

मालकांनी सट्टा खेळला, असं करंजाच्या बंदरावर अजून बोलतात. तो सट्टा नव्हता. जे झालं ते माझ्यामुळे झालं.

पनवेलजवळच्या एका कोळंबी निर्यात कंपनीत मी हिशेब बघायचो. मालक करंजाचे, मच्छीमाराच्या घरातले. आठ महिन्यांनी परदेशातून डॉलर यायचे होते. बँकेचा माणूस कागद घेऊन आला. डॉलर कितीही पडला तरी आम्हाला साडेत्र्याऐंशी रुपये मिळणारच होते. त्या हमीचे पैसे लागत नव्हते, कारण बदल्यात आम्ही वरची बाजू देत होतो. डॉलर पंच्याऐंशीच्या वर गेला, तरी बँकेला तो पंच्याऐंशीलाच द्यायचा. मधल्या भावात बाजारात मिळेल तो दर आमचा.

बँकेचा माणूस इंग्रजीत नीट सांगत होता. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. "वरचं काय बोलतो ह्यो?"

"काही नाही हो, कागदाची भाषा आहे. हमी फुकट मिळतेय."

"फुकट हाय ना? मग आना पेन."

डॉलर एवढा चढणार नाही याची मला खात्री होती. आणि फुकट मिळवल्याचं श्रेय मला हवं होतं.

पुढच्याच आठवड्यात आम्ही दोघं बंदरावर गेलो. दुसरा व्यापारी जास्त भाव देत होता, बोटवाले तिकडे वळत होते. मालक लिलावातच ओरडले, "डॉलर चढंल तसा तुमचा भाव चढंल. माजा शबुद हाय."

मी शेजारीच उभा होतो. तेव्हाही बोललो नाही.

पैसे आले तेव्हा डॉलर सत्त्याऐंशीला होता. बोटवाल्यांना सत्त्याऐंशीच्या हिशेबाने द्यायचं आणि आम्हाला मिळणार पंच्याऐंशी. तेव्हा कुठे मी मालकांना सगळं समजावलं. त्यांनी कागद ओढून स्वतःच्या सहीवर बोट ठेवलं.

"मंजी वरचं आपन इकलं व्हतं?"

"हो."

"मंग मला बंदरावर बोलू कशाला दिलंस?"

बोटवाल्यांचा फरक भरायला हाताशी पैसे नव्हते. त्यांनी वडिलांची बोट विकून प्रत्येकाला ठरल्याप्रमाणे दिलं. बोट का विकली हे कोणी विचारलं तर म्हणायचे, "माजी सही हाय." माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. बंदरावर मात्र सट्ट्याची गोष्ट पसरली, आणि मी ती पसरू दिली. वर्षभरात ते गेले.

परवा त्यांच्या घरी गेलो. त्यांची बायको अंगणात सुकट पसरत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. तिने हात थांबवला नाही.

"माला काय सांगता? मी कवा त्याला सट्टेवाला बोल्ले? जे बोल्ले त्यांना सांगा जा."

म्हणून हे लिहून काढलं. बंदरावर बोलताना माझी जीभ वळत नाही, हे मला आता माहीत आहे. सकाळी लिलावाला बोटवाले जमतील. मालक उभे राहायचे तिथे उभा राहून हे वाचून दाखवणार आहे.