प्रमोदिनीवहिनींचा पितळी डबा

शांताराम मोहिते पितळ घासायला फौजेत शिकले. पट्ट्याचं बक्कल असं घासायचं की सुभेदारसाहेबांना त्यात स्वतःच्या मिशा दिसल्या पाहिजेत, नाहीतर मारा मैदानाला चकरा! पेन्शनीत निघून दिल्लीत पालमला घर केलं तरी खोड काही गेली नाही. दाराची कडी, देवघरातली घंटा, सगळं लखलखीत.

कुणाकडे कार्य असलं की लोक काचेचे सेट घेऊन जात आणि हे जुन्या बाजारातलं पितळी भांडं. तेही असंतसं नाही, पारखून घेतलेलं. खिशात लोहचुंबक असायचंच. चिकटलं की समजायचं, आत लोखंड आणि वर मुलामा. नाही चिकटलं तरी हातात वजन जोखायचं, तळाशी किंचित खरवडून आतही पिवळंच आहे ना बघायचं, पाणी भरून सांध्यातून झिरपतं का बघायचं. या बाबतीत माणूस पक्का होता, उगाच कशाला नावं ठेवा!

त्यांचा जिवलग भालचंद्र कॅन्टोन्मेंटच्या डेपोत बाबू होता. बायको, प्रमोदिनीवहिनी, गेल्या आणि मग सरकारी क्वार्टर सोडताना या शहाण्याने घरातली सगळी भांडी कबाड्याला देऊन टाकली. म्हणे, बघवत नाहीत. त्यात वहिनींचा चिवड्याचा डबाही गेला. साताऱ्याहून आलेला, टिंबाटिंबांनी कोरलेला, ‘चि. प्रमोदिनीस आईकडून’. लहानपणी त्यांची मुलगी चेतना चिवड्याची वाट बघत त्या टिंबांवरून बोट फिरवत बसायची. तिला कळलं तेव्हा ती बापाला एवढंच म्हणाली, “आईला भंगारात घातलंत तुम्ही.” त्यानंतर तिने बाबांचा फोन उचलला नाही.

भालचंद्र झुरत चालला होता. गुरुग्रामला चेतनाने फ्लॅट घेतला, वास्तुशांतीचं बोलावणं शांतारामना आलं, सख्ख्या बापाला नाही. शांतारामनी तेव्हाच ठरवलं, डबा शोधायचा. डबा परत आला की पोरगी परत येईल.

ती भांडी नेणारा कबाडी कॉलनीतलाच, ओळखीचा. त्याने जामा मशिदीमागचं दुकान सांगितलं. तिथे पितळी डब्यांचा हा ढीग! शांताराम दुपारभर उकिडवे बसून एकेक उलटवत राहिले आणि हाती लागला. काळा पडलेला, पण नाव जागच्या जागी, आणि झाकणावर तो पोचा, चेतनाने लहानपणी जिन्यावरून पाडला होता तेव्हाचा. शांतारामनी डबा छातीशीच धरला. चुंबक काढायची गरजच नव्हती, तरी सवयीने लावून बघितलंच.

दुकानदार म्हणाला, “साबजी, इमली से धो लेना बस. मशीन पे मत चढ़ाना, लिखाई हल्की है।”

पण ऐकतील ते शांताराम कसले! काळवंडलेलं पितळ भेट द्यायचं? आपली काही इभ्रत आहे की नाही? आतून कल्हई करून घेतली, पोचा ठोकून काढला आणि पॉलिशवाल्याला बजावलं, “एकदम शीशा बना दो, यार!”

त्याने आरसाच केला. टिंबं पुसून गेली. ते बघून शांताराम क्षणभर चरकले. फोटोबिटो काढून ठेवायचं सुचलंच नव्हतं. मग म्हणाले, नाव गेलं तर गेलं, मी आहे ना सांगायला! चोख सोन्यासारखा दिसतोय डबा.

वास्तुशांतीला चेतनाने कागद सोडला. “किती सुंदर, काका! विंटेज आहे?”

“अगं पोरी, ओळखला नाहीस? तुझ्या आईचा डबा हा!”

तिने बोट फिरवलं. गुळगुळीत. झाकण उलटसुलट केलं. चेहरा उतरत गेला.

“नाव कुठंय?”

“पॉलिशमध्ये गेलं.”

“आणि पोचा?”

“तो मीच काढून घेतला.”

“अच्छा.” ती हसली, पण कसली हसली! “बाबांनी पाठवलंय ना तुम्हाला? आधी आईची वस्तू विकायची, मग तसलीच दुसरी आणून माझ्या गळ्यात मारायची. काका, निदान तुम्ही तरी यात पडायचं नव्हतं.”

शांतारामनी देवाची शपथ घेतली, वहिनींची घेतली. दुकानदाराला फोन लावतो म्हणाले. चेतनाने डबा कागदात गुंडाळून त्यांच्या हातात परत दिला. “त्यांना सांगा, आता फोनसुद्धा करू नका.”

मेट्रोत कागद सोडून डबा मांडीवर घेतला होता आणि त्यात शांतारामना आपलाच चेहरा दिसत होता. स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटत होती.

भालचंद्र आपल्या घराच्या दारातच उभा होता. सगळं ऐकून घेतलं त्याने. डबा खिडकीशी नेला, बोट फिरवलं, झाकण उघडून नाक आत घातलं. कल्हईशिवाय कसला वास येणार?

“शांताराम, रागावू नकोस,” तो हळूच म्हणाला, “पण खरं सांग, हा तिचाच आहे ना?”