ताडमास्टरचं हलकं काम

"कंबर माझी आहे, तिचं ती बघून घेईल." हे वाक्य ताडमास्टर इतक्या वेळा म्हणत, की कारखान्यातल्या नव्या माणसाला ते त्यांचं आडनावच वाटावं. कापडाचा जड रोल एकट्याने उचलू नका म्हटलं की हेच उत्तर, आणि जरा टेका म्हटलं तरी हेच. कंबर बिचारी ऐकत होती. तिला बघून घ्यायला थोडा वेळ हवा होता, इतकंच.

तयार कपड्यांच्या त्या कारखान्यात ते कटिंग मास्टर होते. कटिंगचं टेबल दारापासून खिडकीपर्यंत आडवं पसरलेलं. त्यावर कापडाचे थर चढत जात, वर कागदी फर्मा पडे, आणि मग मास्टर कापायचं यंत्र दोन्ही हातांनी धरून वळणावळणाने असं नेत, की बघणाऱ्याला वाटावं कापड आपणहून वाट देतंय. फक्त टेबल मध्यम उंचीच्या माणसासाठी केलेलं होतं, आणि मास्टर ताडासारखे. सगळी उमेदीची वर्षं त्यांनी त्या टेबलापुढे मान तुकवून काढली. देवापुढे माणूस क्षणभर वाकतो, हे दिवसभर वाकत.

टेबलाच्या पलीकडच्या बाजूला त्यांचा जोडीदार, ठेंगू. दोघांनी दोन टोकं धरून कापड अंथरायचं आणि मधल्या वेळात एकमेकांची अब्रू काढायची.

हल्ली मास्टर सकाळी उठताना आधी कुशीवर वळत, मग पाय खाली सोडत, मग कोपरावर भार देऊन हळूहळू उभे राहत. बायको चहा गाळता गाळता म्हणे, "अहो, तंबूसुद्धा याहून लवकर उभा राहतो."

एके दिवशी खालच्या फळीवरचा रोल ओढताना ते वाकले आणि वाकलेलेच राहिले. ठेंगू धावत आला. "ताड्या, काय शोधतोयस रे?"

"काही नाही. जमीन बघतोय."

"झाली असेल बघून तर डॉक्टरकडे चल."

डॉक्टरांनी पाय उचलून पाहिले, पायाच्या अंगठ्यांचा जोर पाहिला, मुंग्या येतात का, लघवीला त्रास होतो का, हेही विचारलं. मग म्हणाले, "घाबरण्यासारखं काही नाही. पण दुखणं जुनं आहे, एका गोळीने पळणार नाही. झोपून राहू नका, चालत राहा. वाकणं आणि ओझं मात्र कमी करा. कारखान्याला चिठ्ठी देतो."

इथे मास्टरांचा अभिमान आडवा आला. "डॉक्टर, फार लिहू नका. लांबलचक कागद बघितला की लोक म्हणतील, मास्टर संपला. बारीकसं लिहा."

बाहेर रांग मोठी होती. डॉक्टरांनी बारीकसं लिहिलं: "कंबरेच्या जुन्या दुखण्यामुळे हलकं काम द्यावं."

कर्मचारी विभागाच्या मॅडम मनाने फार चांगल्या. माणूस मनाने चांगला असला की त्याच्या तावडीतून सुटणं अवघड. चिठ्ठी वाचून त्यांचे डोळे भरून आले. "मास्टर, इतकी वर्षं तुम्ही बोलला नाहीत! आता उभं राहायचं नाही. आता फक्त बसायचं." आणि त्यांनी स्वतःच्या केबिनमधली पाहुण्यांची खुर्ची मास्टरांना दिली. जाड फोमची, खोल, मऊ.

मास्टर ऑफिसात बसून कपड्यांच्या मापांची लेबलं वेगळी करू लागले. खुर्ची त्यांना गिळत गेली. गुडघे छातीशी, कंबर कुठेतरी खाली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत पाठीत खिळे ठोकल्यासारखं व्हायचं, आणि दोन कारकून त्यांना विहिरीतून काढावं तसं बाहेर काढायचे. येणारा-जाणारा मात्र म्हणे, "मास्टर, मजा आहे बुवा!"

मास्टर हसून मान डोलवत. बाईमाणसाने एवढ्या मायेने दिलेली खुर्ची, तिला नावं कशी ठेवायची?

मग एक दिवस मॅडम म्हणाल्या, "आता तुम्ही निश्चिंत राहा. तुमच्या जागेवर नवा मास्टर बघतोय आम्ही."

त्या संध्याकाळी मास्टर जेवले नाहीत. बायकोने ताट बाजूला सारलं. "दुखतंय ते कंबरेत. मग तोंडाला काय झालंय? टेबल हवंय ना तुम्हाला? मग सांगा ना तसं."

या वेळी ती डॉक्टरांकडे बरोबर गेली. डॉक्टरांनी विचारलं, "नेमकं काय करताना त्रास होतो?" मास्टर खाकरले. बायकोने कोपर मारलं. मग मास्टर बोलले ते बोललेच. टेबल कुठवर येतं, रोल कुठे असतात, खुर्ची कशी आहे, सगळं.

डॉक्टर म्हणाले, "मागच्या वेळी 'हलकं' लिहून चूक झाली. हलकं म्हणजे काय, हे प्रत्येक जण आपापल्या मनाने ठरवतो." नव्या चिठ्ठीत त्यांनी स्पष्ट लिहिलं: कटिंगचं काम करू शकतात; टेबल कोपराच्या उंचीच्या जवळपास हवं; रोल एकट्याने उचलायचे नाहीत; अधूनमधून टेकायला उंच स्टूल हवं; सतत बसणं किंवा सतत उभं राहणं नको; सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी. "आजाराची सगळी कुंडली मांडत नाही. कामाला लागेल तेवढं त्यांना कळलं की पुरे."

मास्टरांनी अर्ज लिहून चिठ्ठी जोडली आणि मॅडमच्या टेबलावर ठेवली. मॅडमचा चेहरा पडला. "खुर्ची आवडली नाही का हो?"

"खुर्ची उत्तम आहे, मॅडम. तिच्यात मी आजारी पडलो, एवढंच. मला माझं टेबल द्या. चार बोटं वर करून द्या."

मॅडम खाली कटिंगमध्ये आल्या. सुताराने मास्टरांचं कोपर मापलं, टेबल मापलं, आणि मग सगळ्यांची नजर ठेंगूकडे वळली. टेबल एकाच बाजूने उंच करून चालणार नव्हतं, थर सरकले असते. एका माणसाची कंबर वाचवायची तर दुसऱ्याची हनुवटी टेबलाला लागणार होती.

"बघता काय?" ठेंगू म्हणाला. "मी काय आता झाडावर चढून कापड अंथरू?"

"झाडावर नाही," सुतार म्हणाला, "फळीवर."

टेबलाच्या सगळ्या पायांखाली सारखे ठोकळे बसले, आणि ठेंगूच्या बाजूला टेबलाच्या लांबीइतका लाकडी चौथरा आला, पाय घसरू नये म्हणून वर रबर ठोकलेला. रोलसाठी चाकांची गाडी आली. सहा आठवडे करून बघू, असं कागदावर ठरलं. पहिल्या दिवशी ठेंगू चौथऱ्यावर चढला आणि जन्मात पहिल्यांदा त्याने मास्टरांच्या डोळ्यांत सरळ बघितलं. बराच वेळ बघितलं. म्हणाला, "ताड्या, एवढ्या वर्षांत मला वाटत होतं तू रुबाबदार आहेस."

दुखणं गेलं नाही. पण ते आता घरातल्या चिडक्या म्हाताऱ्यासारखं झालं. त्याच्या वेळा सांभाळल्या की ते आपल्या कोपऱ्यात पडून राहायचं. मास्टर थोडं कापत, स्टुलावर टेकत, चार पावलं चालून येत. रोलची गाडी बघून जे हसले होते, त्यांच्यात आता तिच्यावरून भांडणं होत. मॅडम पाहुण्यांना कटिंग दाखवायला आणू लागल्या आणि "आमची कल्पना" म्हणू लागल्या.

सहा आठवडे झाले. मॅडम हसत आल्या, मागे पहार घेऊन सुतार. "मास्टर, किती छान चालता आता! बरे झालात. मग ठोकळे काढून घेऊ या का?"

यंत्राचा आवाज थांबला. मास्टरांनी त्यांच्याकडे बघितलं. मॅडम खरोखरच आनंदात होत्या.

"मॅडम, ठोकळे आहेत म्हणून मी बरा दिसतोय. काढलेत तर पुन्हा जमीन बघत बसेन."

"असं होय?" मॅडम गोंधळल्या. "पण चिठ्ठीत तर सहाच आठवडे..."

"सहा आठवड्यांनी तपासणी लिहिलंय, मॅडम. ठोकळे काढा असं नाही लिहिलेलं."

"मग डॉक्टरांकडून तसं लिहून आणाल का? म्हणजे मलाही वर दाखवता येईल."

"आजच आणतो," मास्टर म्हणाले. "आणि या खेपेला मोठं लिहायला सांगतो."

त्यांनी यंत्र बाजूला ठेवलं, हात झटकले आणि टेबलाच्या कडेने ताठ मानेने दाराकडे निघाले. मॅडम त्यांच्याकडे कौतुकाने बघत राहिल्या. सुतार ठोकळ्यांकडे बघत राहिला. आणि ठेंगू, चौथऱ्यावर दोन्ही पाय रोवून, सुताराच्या हातातल्या पहारीवर डोळे ठेवून, मास्टर दाराबाहेर जाईपर्यंत जागचा हलला नाही.